टायट्रेशनच्या व्हिडिओवरून ब्युरेटचे रीडिंग आणि एंड पॉइंट कसा घ्यायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोगशाळेत एका ब्युरेटभोवती वीस जण उभे राहतात आणि मेनिस्कस दिसतो दोघांना. त्यामुळे मोबाईलवर प्रयोग रेकॉर्ड करून नंतर वर्गात रीडिंग घ्यायची पद्धत आता बरीच रुळली आहे. अडचण अशी की व्हिडिओतून घेतलेली रीडिंगे टेबलाशी उभे राहून घेतलेल्या रीडिंगांशी जुळत नाहीत, आणि मग दोष कुणाचा यावर वाद होतो. खालची उत्तरे एकाच प्रयोगाला धरून दिली आहेत. शंकूपात्रात पिपेटने घेतलेले १० मिली ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्ल, ब्युरेटमध्ये साधारण ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि दर्शक म्हणून फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब. ब्युरेट नेहमीचे ५० मिलीचे, ज्यात एक घर म्हणजे ०.१ मिली. पोटॅशियम परमँगनेटचे काय, ते शेवटी पाहू.

मैत्रिणीने समोर उभे राहून १०.२ लिहिले, व्हिडिओत मात्र मला १०.०५ दिसते. बरोबर कोण?

मैत्रीण, बहुधा. ब्युरेटच्या खुणा काचेच्या पुढच्या पृष्ठभागावर असतात आणि मेनिस्कसचा तळ नळीच्या मधोमध, म्हणजे खुणांच्या पाच-सहा मिलिमीटर मागे असतो. डोळा मेनिस्कसच्या पातळीत असेल तर या मागेपुढेपणाने काही बिघडत नाही. समोर उभी असलेली व्यक्ती सुरुवातीचे रीडिंग घेताना टाचा उंचावते, शेवटचे घेताना वाकते. स्टँडवर बसवलेला मोबाईल मात्र वाकत नाही.

कॅमेरा मेनिस्कसच्या खाली असेल तर नजर खालून वर जाते आणि मेनिस्कस आहे त्यापेक्षा खालच्या खुणेशी दिसतो. ब्युरेटचे आकडे वरून खाली वाढत जातात, म्हणून रीडिंग खऱ्यापेक्षा जास्त येते. कॅमेरा वर असेल तर नेमके उलटे, रीडिंग कमी येते. आता मोबाईल ५ मिलीच्या खुणेसमोर बसवला आहे असे धरा. शून्याजवळचे सुरुवातीचे रीडिंग कॅमेऱ्याच्या वर आहे, म्हणून ते फुगते. १० जवळचे शेवटचे रीडिंग कॅमेऱ्याच्या खाली आहे, म्हणून ते आखडते. वजाबाकी केली की दोन्ही चुका एकमेकींना मारत नाहीत, उलट मिळून उत्तर कमी करतात. बहुतेकांचा समज नेमका इथे फसतो: ‘दोन्ही रीडिंगे एकाच कॅमेऱ्याने घेतली, तर चूक कटून जाईल.’ ती कटत नाही.

किती कमी होते, तेही काढता येते. कॅमेरा ब्युरेटपासून ४० सेंटिमीटर, म्हणजे ४०० मिलिमीटरवर असेल आणि मेनिस्कस खुणांच्या ६ मिलिमीटर मागे असेल, तर वापरलेला द्रव दर ४०० ला ६ इतका, म्हणजे दीड टक्का कमी दिसतो. १०.२ च्या दीड टक्क्याने ०.१५ होतात. १०.२ मधून ०.१५ गेले की तुमचे १०.०५ आले. गंमत म्हणजे कॅमेरा ५ च्या खुणेसमोर होता की २० च्या, याने वजाबाकीत काहीच फरक पडत नाही. सुरुवातीची आणि शेवटची चूक बदलते, त्यांच्यातला फरक तोच राहतो. फरक पडतो तो फक्त कॅमेऱ्याच्या अंतराने.

मग व्हिडिओतले उत्तर दुरुस्त करता येते का?

येते, पण दोन अटी आहेत. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रीडिंगच्या मध्ये कॅमेरा जागचा हललेला नसावा, आणि त्याचे ब्युरेटपासूनचे अंतर माहीत असावे. अंतर ४०० मिलिमीटर असेल तर व्हिडिओतली वजाबाकी ४०० ने गुणून ३९४ ने भागा. १०.०५ चे १०.२० होतात. ६ मिलिमीटर हा आकडा अंदाजाचा आहे. काच आणि द्रवातून येताना किरण वाकतो, त्यामुळे प्रत्यक्षात तो थोडा कमीही भरतो. म्हणून दुरुस्तीनंतरचे दुसरे दशांश स्थळ डोळे मिटून मानू नका.

मला विचाराल तर दुरुस्ती करत बसण्यापेक्षा चित्रीकरण नीट करणे सोपे. मोबाईल ब्युरेटपासून दीड मीटरवर नेऊन झूम केला तर तीच चूक ०.४ टक्क्यावर येते, म्हणजे १०.२ मागे ०.०४ मिली. एवढी तर वाचताना डोळ्याचीही चूक होते. त्याहून चांगला मार्ग म्हणजे दोन्ही रीडिंगांच्या वेळी मोबाईल हातात घेऊन मेनिस्कसच्या पातळीत आणायचा आणि तिथे पाच-दहा सेकंद स्थिर धरायचा.

व्हिडिओ दुसऱ्याने काढला आहे. कॅमेरा कोणत्या पातळीत होता, हे चित्रावरून कसे ओळखायचे?

ब्युरेटवरच्या लांब खुणांकडे पाहा. पूर्ण मिलीच्या खुणा नळीला बऱ्याच अंशी वळसा घालतात, काही ब्युरेटवर तर पूर्ण वर्तुळ असते. कॅमेऱ्याच्या वर असलेली खूण कमानीसारखी, मधे फुगलेली आणि कडांना उतरलेली दिसते. कॅमेऱ्याच्या खाली असलेली खूण पातेल्याच्या बुडासारखी मधे खाली झुकते. जी खूण सरळ रेघ दिसते, ती कॅमेऱ्याच्या पातळीत आहे. मेनिस्कसजवळची खूण सरळ असेल तर ते रीडिंग निर्धास्त घ्या. वाकलेली असेल तर जर्नलच्या समासात तसे लिहून ठेवा. नंतर कुणाचे रीडिंग वेगळे आले तर तुमच्याकडे कारण असेल.

रीडिंग व्हिडिओच्या कोणत्या क्षणाला घ्यायचे? रंग बदलतो त्याच फ्रेमला ना?

नाही. रंग बदलल्याची फ्रेम कुठे थांबायचे ते सांगते. किती वापरले, ते तिथून सांगता येत नाही. तोटी बंद झाली तरी नळीच्या आतल्या भिंतीवरून द्रवाचा पातळ थर खाली उतरत असतो. पातळी स्थिर व्हायला अर्धा मिनिट द्यावा लागतो. शिवाय ब्युरेटच्या टोकाला थेंब लोंबकळत असेल तर तो ब्युरेटमधून बाहेर पडलेला असतो, पण शंकूपात्रात पोचलेला नसतो. तो पात्राच्या भिंतीला टेकवून, पाण्याने आत धुऊन घेतला का, हे व्हिडिओत पाहा.

म्हणून क्रम असा: आधी एंड पॉइंटची फ्रेम शोधा, तिथून पुढे तोटी बंद झालेली पाहा, मग साधारण तीस सेकंद पुढे जा आणि तिथली पातळी वाचा. व्हिडिओ त्याआधीच संपत असेल तर तो कापणाऱ्याने तुमचे रीडिंगही कापले.

फ्रेम थांबवून पातळी नेमकी कशी मोजू?

व्हीएलसीमध्ये `E` दाबले की व्हिडिओ एक-एक फ्रेम पुढे सरकतो. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून `.` ने पुढे आणि `,` ने मागे जाता येते. हवी ती फ्रेम वेगळी काढून ठेवायची असेल तर स्क्रीनशॉटपेक्षा ffmpeg या प्रोग्रॅमची ही कमांड बरी, कारण स्क्रीनशॉट तुमच्या पडद्याच्या मापाचा येतो, मूळ व्हिडिओच्या नाही:

```
ffmpeg -ss 00:04:42 -i titration.mp4 -frames:v 1 final.png
```

आता चित्र कोणत्याही पेंटसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडा. माउस जिथे असेल तिथला पिक्सेल खाली दिसतो. समजा १० ची खूण वरून ६४२ व्या पिक्सेलवर आहे आणि ११ ची ९०२ व्या. म्हणजे १ मिलीला २६० पिक्सेल. मेनिस्कसचा तळ ६९९ वर आहे, म्हणजे १० च्या खाली ५७ पिक्सेल. ५७ भागिले २६० म्हणजे ०.२२. रीडिंग १०.२२, जर्नलमध्ये १०.२. मोजताना खुणेची वरची कड धरली असेल तर सगळीकडे वरचीच धरा, आणि शेजारच्याच दोन खुणा घ्या. शून्य आणि ५० धरून हिशेब केला तर भिंगामुळे चित्राच्या कडांना येणारा ताण मधे घुसतो.

दहा-वीस पिक्सेल मोजून ०.०१ मिलीपर्यंत आकडा काढता येतो म्हणून तो खरा होत नाही. ५० मिलीच्या अ वर्गाच्या ब्युरेटलाच ±०.०५ मिलीची सूट असते, ब वर्गाच्या ब्युरेटला ±०.१ ची.

आमच्या व्हिडिओत अख्खे ब्युरेट दिसते, पण घरे मोजता येत नाहीत. व्हिडिओ तर फुल एचडी आहे.

ब्युरेट तोटीसकट साठ सेंटिमीटरच्या वर असते. मोबाईल आडवा धरला तर ही सगळी उंची १०८० पिक्सेलमध्ये बसवावी लागते. एक घर साधारण १ मिलिमीटरचे, म्हणजे त्याच्या वाट्याला दोनसुद्धा पिक्सेल येत नाहीत. त्यात खुणेच्या रेघेचीही जाडी आली. अशा चित्रात अर्धे घर सोडाच, घरसुद्धा दिसणार नाही. मोबाईल उभा धरला तर तीन पिक्सेल मिळतात, तेही अपुरेच. वर मोजलेल्या उदाहरणात एका घराला २६ पिक्सेल होते, कारण तिथे फक्त मेनिस्कसच्या आसपासचे तीन-चार मिली फ्रेममध्ये घेतले होते. अख्ख्या प्रयोगाचा एक व्हिडिओ आणि दोन रीडिंगांच्या जवळून घेतलेल्या दोन छोट्या क्लिपा, अशी वाटणी करा. आणि तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर वाटेत तो पिळून निघतो.

मेनिस्कस धूसर दिसतो. दोन रेघा दिसतात, कोणती खरी?

मागच्या खिडकीचा किंवा ट्यूबलाइटचा उजेड मेनिस्कसच्या वळणात उतरतो आणि एकाखाली एक उजळ-काळ्या पट्ट्या दिसतात. चित्रीकरणाआधी ब्युरेटच्या मागे कार्ड धरायचे. अर्धे काळे, अर्धे पांढरे, काळा भाग खाली आणि त्याची कड मेनिस्कसच्या तळाच्या एक-दोन मिलिमीटर खाली. मग तळ एका काळ्या, ठळक कमानीसारखा उठून येतो. आधीच काढलेल्या व्हिडिओत ते शक्य नसेल तर फ्रेम पुढे-मागे करा. खरा मेनिस्कस जागचा हलत नाही, पण कुणी मागून गेले किंवा हात हलला की प्रतिबिंब हलते.

मागे पांढऱ्या पट्टीवर निळी रेघ असलेले ब्युरेट असेल तर काम सोपे होते. मेनिस्कसपाशी निळी रेघ चिमटल्यासारखी अरुंद होते, तो बिंदू वाचायचा.

मी ११.८ वाचले, सर म्हणाले १०.२. एवढा फरक कसा?

तुम्ही खालच्या ११ पासून वर मोजत गेलात. ब्युरेटवर मोजायचे वरून खाली, १० पासून दोन घरे. मोजपात्राची सवय हाताला असते म्हणून ही चूक होते. व्हिडिओत एक भर पडते: सेल्फी कॅमेऱ्याने काढला असेल तर आकडे आरशातल्यासारखे उलटे येऊ शकतात आणि मग डोळा आकडे सोडून नुसती घरे मोजतो. चित्र आडवे उलटवून घ्या आणि मग वाचा.

एंड पॉइंट नेमका कोणता? व्हिडिओत गुलाबी रंग पाच-सहा वेळा येतो आणि जातो.

येतो आणि जातो तो एंड पॉइंट नाही. सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब जिथे पडतो तिथे क्षणभर अल्कली जास्त होते आणि गुलाबी ठिपका उमटतो. चंबू फिरवला की आजूबाजूचे आम्ल त्याला खाऊन टाकते. सुरुवातीला ठिपका पडता पडता नाहीसा होतो. एंड पॉइंट जवळ आला की तो जायला वेळ लागू लागतो. हा वेळ व्हिडिओत फ्रेम मोजून काढता येतो, आणि डोळ्याने पाहण्यापेक्षा व्हिडिओचा खरा फायदा मला इथेच वाटतो. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत रंग ६ फ्रेम टिकला म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, ६० फ्रेम टिकला म्हणजे दोन सेकंद. दोन सेकंदांवर आले की पुढचा प्रत्येक थेंब स्वतंत्र पाहा.

ज्या थेंबानंतर चंबू नीट फिरवूनही फिकट गुलाबी रंग तीस सेकंद टिकतो, तो एंड पॉइंट. घड्याळ थेंब पडल्यापासून लावू नका, फिरवणे थांबल्यापासून लावा. दोन-चार मिनिटांनी रंग पुन्हा उडाला तर घाबरायचे कारण नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून अल्कली खातो. म्हणून पाच मिनिटांनंतरची रंगहीन फ्रेम पाहून ‘एंड पॉइंट आलाच नव्हता’ असे म्हणू नये.

रंग फिकट आहे की नाही यावरच आमच्यात भांडण होते. पडद्यावर कुणाला गुलाबी दिसते, कुणाला पांढरे.

दोन्ही पक्ष प्रामाणिक असू शकतात. कॅमेरा पांढऱ्या रंगाचा तोल स्वतःच बदलत राहतो. फ्रेममध्ये गुलाबी वाढले किंवा कुणाचा हात आला की तो सगळ्या चित्राची छटा सरकवतो. शिवाय व्हिडिओ साठवताना उजेडाचा तपशील जपतात आणि रंगाचा अर्धा-अर्धा टाकून देतात, त्यामुळे फिकट छटा आधी मरते. प्रत्येकाच्या मोबाईलचा पडदा वेगळा, ते आणखी वेगळेच.

उपाय म्हणजे रंग एकटा पाहायचा नाही, त्याच फ्रेममधल्या पांढऱ्या कागदाशी किंवा टाईलशी ताडून पाहायचा. पेंट प्रोग्रॅममधल्या ड्रॉपरने कागदाचे आणि चंबूतल्या द्रवाचे लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे घ्या. फिनॉल्फथॅलिनचा गुलाबी रंग हिरवा प्रकाश शोषतो, म्हणून पाहायचे ते हिरव्याकडे. समजा कागद २१२, २१०, २०५ आहे. थेंबाआधी द्रव १९८, १९६, १९०. हिरवा भागिले लाल दोन्हीकडे ०.९९ येतो, म्हणजे रंग नाही. थेंबानंतर द्रव २०३, १८४, १९३. आता हे प्रमाण ०.९१ झाले आणि कागदाचे ०.९९ च राहिले. रंग आला. कागदाचे प्रमाणही खाली आले असते तर ती कॅमेऱ्याची लबाडी.

या आकड्यांवरून गुलाबी पदार्थाची संहती काढायच्या फंदात मात्र पडू नका. कॅमेरा प्रकाशाचे आकडे सरळ प्रमाणात लिहीत नाही. आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमची तुलना, एवढ्यापुरतेच ते कामाचे.

तोटी वेळेवर बंद झाली नाही, दोन-तीन थेंब जास्त गेले. ते वजा करू का?

रंग राणी कलरवर गेला असेल तर नक्कीच जास्त गेले आहेत. पुन्हा प्रयोग करता येत असेल तर करा. नसेल तर थेंब मोजा. एका थेंबाचे माप त्याच व्हिडिओतून काढा: मेनिस्कस ९.० वर असल्यापासून ९.५ वर येईपर्यंत ११ थेंब पडले असतील, तर एक थेंब ०.०४५ मिलीचा. टिकाऊ गुलाबी रंग ज्या थेंबाने आला त्याच्यापुढे दोन पडले असतील तर ०.०९ वजा करा. पण तोटी जास्त उघडली की थेंबाचा आकार बदलतो आणि धार लागली तर मोजण्यासारखे काही उरतच नाही. असे रीडिंग कच्चे म्हणून वेगळे दाखवा, सीबीआरमध्ये, म्हणजे सारख्या येणाऱ्या स्थिर ब्युरेट रीडिंगमध्ये, धरू नका.

याच वेळी व्हिडिओ मागे नेऊन दोन गोष्टी पाहून घ्या. ब्युरेटच्या टोकात सुरुवातीला हवेचा बुडबुडा होता आणि शेवटी नाही, असे असेल तर तेवढा द्रव टोक भरण्यात गेला आणि रीडिंग फुगले. आणि वरचे नरसाळे काढायचे राहिले असेल तर त्यातून थेंब गळून पातळी वर चढली असू शकते.

शेवटी उत्तर कितीने बदलते?

आपल्याच प्रयोगात पाहा. पायलट रीडिंग १० ते ११ आले. पुढे तीन वेळा १०.२, १०.२, १०.२ मिळाले, म्हणून सीबीआर १०.२. ऑक्झॅलिक आम्लाचा एक रेणू सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन खातो, म्हणून अल्कलीची संहती २ × ०.०५ × १० ÷ १०.२ म्हणजे ०.०९८ मोलर. कॅमेऱ्याने दाखवलेले १०.०५ घेतले तर ०.०९९५ येते. तिन्ही वेळा १०.०५ च आले असते, कारण कॅमेरा तिथेच होता. रीडिंगे एकमेकांशी जुळतात म्हणून ती बरोबर आहेत, असे व्हिडिओच्या बाबतीत म्हणता येत नाही.

पोटॅशियम परमँगनेटच्या प्रयोगाला हेच सगळे लागू आहे?

बरेचसे. पण ते ब्युरेटमध्ये इतके गडद असते की मेनिस्कसचा तळ दिसतच नाही. तिथे वरची कड वाचायची, सुरुवातीलाही आणि शेवटीही. एकदा वरची आणि एकदा खालची वाचली तर साधारण दोन घरांची चूक होते. कॅमेरा वर असेल तर ही कड लंबगोल दिसते आणि सगळ्यात वरची काळी रेघ नळीच्या मागच्या भिंतीवरची असते. तेव्हा पुढची, खालची कमान वाचा.

एंड पॉइंटचा एक फसवा प्रसंग तिथे सुरुवातीलाच येतो. ऑक्झॅलिक आम्ल ६०-७० अंशांपर्यंत तापवून घेतले तरी पहिल्या थेंबाचा गुलाबी रंग जायला बराच वेळ लागतो, कारण ही अभिक्रिया तिच्यातच तयार होणाऱ्या मँगनीजच्या आयनांनी वेग घेते आणि ते अजून तयार झालेले नसतात. व्हिडिओ मधूनच सुरू केला तर हा टिकलेला गुलाबी एंड पॉइंट वाटतो. ब्युरेटकडे पाहा: पातळी अजून शून्याजवळच असेल.